वर्षअखेरीनंतर ‘ऐच्छिक’ बोनस कंपनी मागे घेऊ शकते का? आधी तारखा मांडा, मग पत्र लिहा

ऑफर लेटरमध्ये ‘परफॉर्मन्स बोनस: वार्षिक पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘हा बोनस सर्वस्वी कंपनीच्या मर्जीनुसार दिला जाईल’ अशी ओळ असते. वर्षभर टार्गेट गाठायचं, मॅनेजर म्हणणार ‘तुझा बोनस पक्का’, आणि वर्ष संपून दोन महिने झाले की एचआरचा मेल येणार: यंदा बोनस नाही. विचारायला गेलं की बोट त्या बारीक ओळीवर ठेवतात.

त्या ओळीला वजन आहे, पण एचआर सांगतं तेवढं नाही. बोनस ठरवायचा अधिकार कंपनीकडे असणं वेगळं आणि एकदा ठरवलेला किंवा कबूल केलेला बोनस काढून घेण्याचा अधिकार असणं वेगळं. पहिला अधिकार बहुतेक करारांत असतो. दुसरा असतोच असं नाही, आणि करारात लिहिलेला असला तरी तो कसाही वापरता येत नाही. तुमचं प्रकरण या दोन्हींपैकी कशात बसतं, हे शोधायचा क्रम पुढे दिला आहे. कायदा देशागणिक बदलतो, पण कोर्ट जे प्रश्न विचारतं ते बऱ्याच ठिकाणी सारखे असतात. आणखी एक, काही देशांत कायद्यानेच ठरावीक बोनस द्यावा लागतो. तो इथला विषय नाही, आणि कंपनीने कुठलीही ओळ छापली तरी तो टळत नाही.

पहिली पायरी: कागद, आणि तेही आज

चार गोष्टी लागतात: नेमणुकीचा करार, बोनसची योजना किंवा पॉलिसी, त्या वर्षाचं टार्गेट-शीट, आणि वर्षभरात बोनसबद्दल झालेले मेल, चॅट व मीटिंगच्या नोंदी. यातली पॉलिसी सगळ्यात आधी हातची जाते. ती बहुतेक वेळा कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवरच असते, नवी आवृत्ती चढवली की जुनी दिसेनाशी होते, आणि नोकरी सुटली की लॉगिनही बंद. म्हणून जी आवृत्ती *त्या वर्षी* लागू होती तीच उतरवून ठेवा आणि वर तारीख दिसते आहे ना ते पाहा. वाद सुरू झाल्यावर दाखवली जाणारी पॉलिसी कधी कधी वर्ष संपल्यानंतर सुधारलेली असते.

इथे एक चूक फार होते. घाईघाईत सगळा मेलबॉक्स स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवला जातो. त्यात ग्राहकांची माहिती गेली तर बोनसचा वाद बाजूला राहतो आणि गोपनीयतेच्या भंगाची नोटीस हातात पडते. तुमचा करार, तुमचं बोनसपत्र, तुमचं रेटिंग आणि बोनसबद्दलचे तुम्हाला आलेले निरोप, एवढंच ठेवा. बाकी काही ठेवायची परवानगी नसेल तर कोणता मेल, कुणाकडून, कोणत्या तारखेला आला याची यादी करा. पुढे गरज पडली तर तो मागवून घेता येतो.

दुसरी पायरी: मर्जी नक्की कशावर आहे ते वाचा

‘मर्जीनुसार’ हा शब्द दिसला की लोक पुढचं वाचायचं थांबवतात. न थांबता हे पाहा की मर्जी कोणत्या गोष्टीला जोडली आहे. ‘बोनस द्यायचा की नाही हे कंपनी ठरवेल’ ही एक ओळ झाली. ‘योजनेत बसणाऱ्यांना बोनस दिला जाईल, रक्कम कंपनी ठरवेल’ ही दुसरी. दुसऱ्या ओळीत देणं आधीच कबूल आहे, मर्जी फक्त आकड्यापुरती आहे. त्या ओळीवर बोट ठेवून शून्य देणं कंपनीला खूप अवघड जातं.

मग ‘मागे घेण्याचा’ हक्क वेगळा लिहिला आहे का ते शोधा. ‘कंपनी ही योजना केव्हाही बदलू किंवा बंद करू शकते’ असं वाक्य अनेक पॉलिसींत असतं. पण योजना बंद करणं म्हणजे पुढच्या वर्षांसाठी बंद करणं, की संपलेल्या वर्षाचाही हिशेब पुसणं? वाक्यात ते स्पष्ट नसेल तर बऱ्याच कायदेव्यवस्थांत संदिग्ध ओळीचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो, आणि लिहिणारी कंपनी असते. याउलट ‘घोषणा झाल्यावरही, प्रत्यक्ष पैसे दिले जाईपर्यंत, रक्कम कमी करण्याचा किंवा रद्द करण्याचा हक्क राखून ठेवला आहे’ असं साफ लिहिलं असेल तर तुमची बाजू बरीच हलकी होते. हे मान्य करूनच पुढे जावं.

शेवटी तारखेची अट बघा. ‘पैसे देण्याच्या दिवशी नोकरीत असणं आणि नोटीस पिरियडमध्ये नसणं आवश्यक’ ही अट सर्वांत जास्त बोनस खाते. तिच्याबद्दल देशादेशांत मोठा फरक आहे. इंग्लंडमध्ये अशी स्पष्ट अट साधारणपणे टिकते. जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयाने मात्र २०१३ मध्ये ठरवलं की जी रक्कम वर्षभरात केलेल्या कामाचाही मोबदला आहे, ती ३१ डिसेंबरला नोकरीत असण्यावर अवलंबून ठेवता येत नाही, कारण काम करून झालेलं असतं.

तिसरी पायरी: पाच तारखा एका ओळीत मांडा

सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. कागदावर आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर या तारखा टाका: आश्वासन दिलं ती, वर्ष संपलं ती, रेटिंग ठरलं ती, रक्कम मंजूर होऊन तुम्हाला कळवली ती, आणि पैसे द्यायची ठरलेली. मग माघारीचा मेल कुठे पडतो ते पाहा.

माघार वर्ष चालू असताना आली असेल, तर कंपनीला बरीच मोकळीक असते. निदान उरलेल्या महिन्यांसाठी तरी.

वर्ष संपलं, पण रक्कम अजून ठरलेली नाही, अशा वेळी माघार आली तर प्रश्न ‘मर्जी कशी वापरली’ हा होतो. तुम्ही तुमच्या बाजूचं काम पूर्ण केलेलं आहे आणि ते आता परत घेता येत नाही. तरीही आकडा ठरलेला नसल्यामुळे तुमच्या हातात ठरावीक रक्कम नसते. हातात असतो तो प्रामाणिकपणे निर्णय होण्याचा हक्क.

रक्कम लेखी कळवल्यानंतर माघार आली तर चित्र पार बदलतं. मर्जी वापरून झाली. इंग्लंडमधल्या एका वकिली फर्मने ९,००० पौंडांचा ऐच्छिक बोनस जाहीर करून तो हप्त्यांनी द्यायचं ठरवलं, आणि कर्मचारी सोडून गेल्यावर उरलेले हप्ते अडवले. अपिलात असं ठरलं की बोनस मुळात ऐच्छिक होता हे खरं, पण एकदा जाहीर झाल्यावर तो पगारासारखाच देणं लागतो.

अमेरिकेच्या ओव्हरटाइमच्या नियमांतही (२९ सीएफआर ७७८.२११) हाच विचार दिसतो. बोनस द्यायचा की नाही आणि किती, हे दोन्ही कालावधीच्या जवळजवळ शेवटपर्यंत मालकाच्या हातात राहिलं, तरच तो ऐच्छिक. आधीच वचन दिलं तर त्याने मर्जी सोडून दिली असं धरतात, मग कागदावर काहीही नाव असो. हा नियम ओव्हरटाइमचा दर काढण्यापुरता आहे, त्याच्या जोरावर बोनस थेट वसूल होत नाही. पण नावापेक्षा वागणूक पाहिली जाते हे त्यातून कळतं.

चौथी पायरी: आश्वासन किती पक्कं होतं ते तपासा

‘यंदा चांगलं होईल, काळजी करू नका’ हे आश्वासन नव्हे, धीर आहे. पक्कं आश्वासन ओळखायला चार गोष्टी पाहतात: आकडा किंवा तो काढायची रीत सांगितली का, बोलणाऱ्याला तसं बांधून घेण्याचा अधिकार होता का, ते कशासाठी सांगितलं, आणि त्यावर विसंबून तुम्ही काय केलं किंवा करायचं टाळलं.

हे चारही मुद्दे ज्यात उठून दिसतात असा खटला ड्रेस्डनर क्लाइनवर्ट या गुंतवणूक बँकेचा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. १८ ऑगस्ट २००८ ला, बँक विकली जाण्याची चर्चा जोरात असताना आणि माणसं सोडून जातील अशी भीती असताना, बँकेच्या प्रमुखांनी सर्व कर्मचाऱ्यांच्या सभेत जाहीर केलं की त्या वर्षी बोनससाठी किमान ४० कोटी युरोंचा निधी राखून ठेवला आहे. सभा बँकेच्या अंतर्गत नेटवर्कवरही दाखवली गेली. कोणाला किती हे नेहमीप्रमाणे मर्जीवरच होतं. निधीचा आकडा मात्र ‘किमान’ म्हणून सांगितला होता.

डिसेंबरमध्ये प्रत्येकाला तात्पुरत्या रकमेचं पत्र आलं. त्यात एक नवी अट घुसवलेली होती: नोव्हेंबर-डिसेंबरचे आकडे अंदाजापेक्षा आणखी घसरले तर रक्कम कमी करण्याचा हक्क. बँक तोवर कॉमर्झबँकेकडे चालली होती. वर्ष संपलं, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये त्या अटीच्या आधारे रकमा ९० टक्क्यांनी कापल्या गेल्या. शंभराहून अधिक कर्मचारी कोर्टात गेले. २०१२ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात आणि २०१३ मध्ये अपिलात ते जिंकले.

बँकेचं म्हणणं होतं की सभेतलं बोलणं म्हणजे करार नव्हे, आणि बोनस तर ऐच्छिकच आहे. कोर्टाने पाहिलं ते असं: आकडा निश्चित होता, बोलणारा अधिकारी माणूस होता, सांगण्याचा हेतूच माणसं थांबावीत हा होता, आणि माणसं थांबली. म्हणजे ते बांधून घेणारं वचन होतं. डिसेंबरच्या पत्रात एकतर्फी घातलेली अट त्या वचनाला छेद देत होती, आणि तिचा वापर हाच भंग ठरला.

यातून घ्यायचं ते एवढंच की पत्र हातात आल्यावर त्यात *नवी* अट आली आहे का हे ओळ न ओळ पाहा. आली असेल तर गप्प बसू नका. ‘ही अट मला मान्य नाही, मूळ आश्वासनानुसार माझा हक्क राखून ठेवतो’ एवढी एक ओळ त्याच आठवड्यात मेल करा. महिनोन्‌महिने गप्प राहिलात तर तुम्ही बदल स्वीकारला असं म्हणायला वाट मिळते.

पाचवी पायरी: कारण मागा, आणि कारणाची परीक्षा करा

मर्जी म्हणजे लहर नव्हे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बीपी शिपिंगच्या एका प्रकरणात सांगितलं की करारातला असा अधिकार वापरताना संबंधित मुद्दे विचारात घेतले पाहिजेत, असंबंधित बाजूला ठेवले पाहिजेत, आणि निकाल असा नसावा की कोणताही समजदार मालक तिथे पोचलाच नसता. प्रकरण बोनसचं नव्हतं, पण बोनसच्या वादांत ही कसोटी सर्रास वापरली जाते.

कसोटी किती ताणते हे दोन निकालांच्या मध्ये कळतं. २००० साली नोमुरा कंपनीच्या एका ट्रेडरला, ज्याने कंपनीला नफा मिळवून दिला होता, नोकरीवरून काढताना बोनस शून्य दिला गेला. योजनेत बोनस ‘वैयक्तिक कामगिरीवर अवलंबून’ असं लिहिलेलं होतं. कामगिरी चांगली आणि बोनस शून्य, हे जुळेना. कोर्टाने १३.५ लाख पौंड द्यायला लावले. उलट २००६ मध्ये कॉमर्झबँकेच्या एका माजी कर्मचाऱ्याला लाखो युरो मिळालेले असताना ‘आणखी मिळायला हवे होते’ असा दावा त्याने केला आणि तो हरला. निर्णय वेडगळ होता हे दाखवायचं ओझं फार जड आहे, असं कोर्टाने बजावलं. थोडक्यात, ‘कमी दिलं’ हा वाद फारसा चालत नाही. ‘योजनेतल्या निकषाशी काहीही संबंध नसलेल्या कारणाने दिलंच नाही’ हा चालतो.

म्हणून लेखी कारण मागणं महत्त्वाचं. ‘कंपनीला तोटा झाला’ हे कारण पॉलिसीत कंपनीच्या निकालाचा गुणक असेल तर वजनदार आहे, नसेल तर विचारण्यासारखं आहे. ‘तुम्ही राजीनामा देणार असं कळलं’ हे कामगिरीच्या बोनससाठी कच्चं कारण आहे. आणि सहकाऱ्यांना मिळाला, तुम्हाला नाही, तर फरक कशामुळे हे कंपनीला सांगावं लागेल. त्यात लिंग, धर्म, बाळंतपणाची रजा किंवा तक्रार केल्याचा राग दिसला तर प्रश्न बोनसच्या पलीकडे जातो आणि मर्जीची ओळ तिथे ढाल होत नाही.

सहावी पायरी: आकडा काढा

समजा वार्षिक पगार १२,००,००० आणि टार्गेट बोनस १५ टक्के, म्हणजे १,८०,०००. पॉलिसीत दोन गुणक आहेत: वैयक्तिक रेटिंगचा आणि कंपनीच्या निकालाचा. एप्रिलमध्ये रेटिंग कळलं, गुणक १.२. कंपनीचा गुणक संचालक मंडळाने ०.९ जाहीर केला. १,८०,००० × १.२ × ०.९ = १,९४,४००. मे महिन्यात ‘खर्चकपातीमुळे’ बोनस रद्द झाल्याचा मेल आला. रकमेचं वैयक्तिक पत्र निघालंच नव्हतं.

इथे कंपनी म्हणेल की रक्कम कधी ठरलीच नाही. उत्तर असं की दोन्ही गुणक ठरले होते, सूत्र पॉलिसीत होतं, उरला होता फक्त गुणाकार. आणि कंपनीची आर्थिक अडचण ०.९ मध्ये आधीच मोजली गेली आहे, तीच पुन्हा शून्यासाठी वापरणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा कापणं. या प्रकरणात मागणी १,९४,४०० चीच करावी. १.२ हे रेटिंग नुसतं मॅनेजरच्या तोंडून ऐकलेलं असतं, तर मात्र हाच दावा बराच डळमळला असता. अशा वेळी कोर्ट पूर्ण रक्कम न देता प्रामाणिक निर्णयातून साधारण किती आलं असतं याचा अंदाज बांधतं, आणि तो अंदाज तुमच्या आकड्याच्या खाली येऊ शकतो.

सातवी पायरी: पत्र

रागाचा मेल लिहू नका आणि लांब तर मुळीच नको. एवढं पुरे:

> विषय: मागील आर्थिक वर्षाचा परफॉर्मन्स बोनस
>
> वर्षाच्या बोनस योजनेतील कलम ४ नुसार माझं रेटिंग (गुणक १.२) मला १२ एप्रिलच्या मेलने आणि कंपनीचा गुणक (०.९) २० एप्रिलच्या परिपत्रकाने कळवण्यात आला. त्यानुसार देय रक्कम १,९४,४०० होते. ९ मेच्या मेलने ती रद्द केल्याचं कळलं.
>
> कृपया १४ दिवसांत लेखी कळवावं: हा निर्णय योजनेच्या कोणत्या कलमाखाली, कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणते मुद्दे विचारात घेऊन घेतला. दरम्यान मी ही माघार मान्य करत नाही आणि माझे सर्व हक्क राखून ठेवत आहे.

कलम, तारीख, आकडा, प्रश्न. धमकी नाही. या पत्राचं खरं काम म्हणजे कंपनीला एका कारणावर उभं करणं. आता दिलेलं कारण नंतर बदललं की ते बदलणंच पुरावा होतं. मौखिक आश्वासन असेल तर त्याच पत्रात ‘अमुक तारखेच्या बैठकीत तुम्ही असं सांगितलं होतं’ असं लिहा. उत्तरात ते कुणी नाकारलं नाही तर तेही उपयोगी पडतं.

जिथे जिंकलेलं प्रकरण हातचं जातं

बहुतेक वेळा ते फुल अँड फायनल सेटलमेंटच्या कागदावर जातं. ‘माझं कंपनीकडे कोणतंही येणं बाकी नाही’ या ओळीखाली सही झाली की बोनसचा मुद्दा जवळपास संपतो. सही केल्याशिवाय बाकीचे पैसे सुटणार नसतील तर ‘बोनसची मागणी वगळून’ असं हाताने लिहून सही करा आणि त्याचा फोटो ठेवा. ते मान्य करत नसतील तर सहीआधी वकिलाला दाखवा.

दुसरी जागा म्हणजे राजीनाम्याची तारीख. करारात नोटीस पिरियडची अट असेल आणि पैसे यायला तीन आठवडे असतील, तर आज राजीनामा देणं म्हणजे आपल्याच हाताने कंपनीला कारण देणं. पैसे खात्यात जमा होईपर्यंत थांबा, आणि मग जमा झालेला बोनस ठरावीक मुदतीत सोडून गेल्यास परत करावा लागतो का, ती ओळही बघून घ्या.

तिसरी मुदत. करारभंगाचा दिवाणी दावा भारतात ३ वर्षांत आणि इंग्लंडमध्ये ६ वर्षांत करता येतो, पण कामगार न्यायाधिकरणांच्या मुदती त्याहून खूप तोकड्या असू शकतात, काही ठिकाणी महिन्यांत मोजाव्या अशा. घड्याळ साधारणपणे पैसे देण्याच्या ठरलेल्या तारखेपासून चालू होतं. एचआरशी चाललेल्या मेलामेलीने ते आपोआप थांबत नाही. त्यामुळे १४ दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरं स्मरणपत्र लिहिण्याआधी आपल्याकडची मुदत कामगार वकिलाकडून विचारून घ्या आणि कॅलेंडरवर टाका.